नव्वदावा दिवस आणि न्यायालयाचा अधिकार: सुधा भारद्वाज यांच्या डिफॉल्ट जामिनाचे प्रकरण

1 डिसेंबर 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एल्गार परिषद प्रकरणातील नऊ आरोपींच्या अर्जांवर एकाच दिवशी निकाल दिला. सुधा भारद्वाज यांना जामीन मिळाला, उरलेल्या आठ जणांना नाही. खटला एकच होता, कायदा एकच होता, आणि ज्या त्रुटीवर सगळे बोट ठेवत होते तीही मुळात एकच होती. तरीही निकाल दोन. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील, म्हणजे यूएपीएतील, कोठडीची मुदत प्रत्यक्षात कशी चालते हे समजून घ्यायला या निकालाइतके चांगले साधन दुसरे नाही, असे मला वाटते. वर्तमानपत्रांत त्याचे वर्णन ‘तांत्रिक मुद्द्यावर जामीन’ असे झाले. हे वर्णन मला पटत नाही. ते का पटत नाही, हे प्रकरण पायरीपायरीने उलगडले की कळेल.

आधी एक गल्लत दूर करू. यूएपीएखालची अटक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय सुरक्षा कायदा किंवा महाराष्ट्रातला एमपीडीए हा गुंडगिरीविरोधी कायदा यांखाली माणसाला ठेवले जाते ते पुढे काही करील या भीतीपोटी. तिथे आरोप नसतो, खटला नसतो, प्रकरण सल्लागार मंडळासमोर जाते आणि स्थानबद्धतेला कमाल बारा महिन्यांची मर्यादा असते. यूएपीएत मात्र गुन्हा नोंदवला जातो, तपास होतो, आरोपपत्र येते, म्हणजे चौकट नेहमीच्या फौजदारी खटल्याचीच. पण त्या चौकटीतल्या दोन गोष्टी बदलल्या आहेत. कोठडीची मुदत वाढवली आहे आणि जामिनाचा पाया उलटवला आहे. त्यामुळे होते असे की, आरोप असलेला माणूस खटला सुरू होण्याआधीच इतकी वर्षे आत राहतो की स्थानबद्धतेची बारा महिन्यांची मर्यादा त्यापुढे सौम्य वाटावी.

उलटलेला पाया म्हणजे कलम 43-डी(5). साध्या गुन्ह्यात जामीन मागताना आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, असे प्रश्न विचारले जातात. यूएपीएच्या दहशतवादविषयक प्रकरणांत न्यायाधीशांनी केस डायरी आणि आरोपपत्र पाहायचे, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारण दिसले की जामीन नाकारायचा, असे कायदा सांगतो. 2019 मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर आणखी घट्ट गाठ मारली. जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करायची नाही, कागदपत्रे पुढे पुराव्यात टिकतील की नाही हे तोलायचे नाही, तपास यंत्रणेने मांडलेले साहित्य एकूण जसे दिसते तसे घ्यायचे. आता तुरुंगात बसलेल्या माणसाने काय करावे? पुराव्यातले एखादे पत्र बनावट आहे असे त्याला वाटत असेल, तर ते सिद्ध करायची जागा म्हणजे खटला. आणि खटला उभा राहायलाच वर्षे लागतात. याच कायद्यातील कलम 43-ई त्याहून पुढे जाते. आरोपीकडे शस्त्रे किंवा स्फोटके सापडली आणि तशीच कृत्यात वापरली गेली असे मानायला कारण असेल, किंवा घटनास्थळी त्याचे बोटांचे ठसे सापडले, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने गुन्हा त्यानेच केला असे गृहीत धरायचे. भारद्वाज यांच्या प्रकरणात हे कलम कळीचे नव्हते. तिथे भिंत उभी होती ती 43-डी(5)ची.

गुणवत्तेवरचा जामीन असा जवळजवळ बंद झाला की एकच दार उरते, ते मुदतीचे. तपास यंत्रणेने ठरलेल्या दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर आरोप कितीही गंभीर असो, जामीन द्यावाच लागतो. यालाच डिफॉल्ट जामीन म्हणतात. 43-डी(5)चा अडसर इथे लागू होत नाही, कारण न्यायाधीशांनी आरोपांकडे पाहायचेच नसते, फक्त कॅलेंडर पाहायचे असते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 167(2)मध्ये गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांची मुदत होती आणि आज ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मध्ये आहे. यूएपीएत ही मुदत 90 दिवस आहे आणि ती 180 पर्यंत वाढवता येते. पण ही वाढ आपोआप मिळत नाही. सरकारी वकिलाने अहवाल द्यावा लागतो, त्यात तपास कुठवर आला हे आणि 90 दिवसांनंतरही या माणसाला आतच ठेवण्याची ठोस कारणे सांगावी लागतात, आणि ‘न्यायालयाचे’ समाधान व्हावे लागते. कोणते न्यायालय, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

आता घटनाक्रम. 31 डिसेंबर 2017 रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला. 8 जानेवारी 2018 ला विश्रामबाग पोलीस ठाण्यात परिषदेबद्दल गुन्हा नोंदला गेला. त्यात यूएपीएची कलमे नंतर, मे महिन्यात लागली. 6 जूनला पहिल्या पाच जणांना अटक झाली आणि 28 ऑगस्टला दुसऱ्या पाच जणांना. या दुसऱ्या फळीत सुधा भारद्वाज होत्या. छत्तीसगडमध्ये कामगार आणि आदिवासींच्या बाजूने वर्षानुवर्षे वकिली केलेल्या, अटकेच्या वेळी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकवणाऱ्या. त्यांना फरीदाबादच्या घरातून ताब्यात घेतले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या काही आठवडे नजरकैदेत राहिल्या, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस नजरकैद संपल्यावर पुणे पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन पुण्याला आणले.

इथे बोटांवर दिवस मोजायला हवेत. 28 ऑगस्टपासून मोजले तर नव्वदावा दिवस येतो 25 नोव्हेंबर 2018. नजरकैदेचे दिवस वगळून 28 ऑक्टोबरपासून मोजले, तर नव्वदावा दिवस येतो 25 जानेवारी 2019. भारद्वाज यांच्या बाजूने डिफॉल्ट जामिनाचा अर्ज दाखल झाला 26 नोव्हेंबरला, म्हणजे पहिल्या मोजणीच्या बरोबर एक्क्याण्णवाव्या दिवशी. त्याच दिवशी पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी पोलिसांना तपासासाठी 90 दिवसांची मुदतवाढ दिली. पुढे आरोपपत्र आले 21 फेब्रुवारी 2019 ला. मुदतवाढ कायदेशीर असेल, तर कोणत्याही मोजणीने ते वेळेत होते. मुदतवाढ बेकायदा असेल, तर अगदी पोलिसांना सोयीची मोजणी धरली तरी ते 27 दिवस उशिरा होते. सगळे प्रकरण या एका आदेशाच्या वैधतेवर उभे राहिले.

मुदतवाढीच्या आदेशावर हल्ला करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे सरकारी वकिलाचा अहवाल तपासणे. या प्रकरणात तो मार्ग आधीच वापरला गेला होता आणि तो अपयशी ठरला होता. पहिल्या पाच जणांपैकी ॲड. सुरेंद्र गडलिंग यांनी आपल्या बाबतीतल्या मुदतवाढीला आव्हान दिले, तेव्हा 24 ऑक्टोबर 2018 ला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अहवाल खरे तर तपास अधिकाऱ्याचाच आहे, सरकारी वकिलाने स्वतंत्र विचार केल्याचे दिसत नाही, असे कारण दिले. सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 ला तो निकाल फिरवला. मसुद्यात ढिसाळपणा असला तरी सरकारी वकिलाने कारणे मांडली आहेत आणि तेवढे पुरे आहे, असा त्याचा आशय होता. मला हा निकाल खटकतो. 1994 मध्ये टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या हितेंद्र विष्णु ठाकूर प्रकरणात याच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की सरकारी वकील म्हणजे पोलिसांचे कागद पुढे पाठवणारे टपाल कार्यालय नव्हे. मुदतवाढ मागायची की नाही हे त्याने स्वतः डोके लावून ठरवायचे असते. तो दंडक 2019 मध्ये सैल झाला. आजही यूएपीएच्या फायलींमध्ये मुदतवाढीचे अहवाल वाचले तर ‘तपास प्रगतिपथावर आहे, न्यायवैद्यक अहवाल प्रलंबित आहेत, आरोपी सुटल्यास तपासात बाधा येईल’ अशी वाक्ये एका फायलीतून दुसऱ्या फायलीत गेल्यासारखी दिसतात. तपास प्रलंबित असणे हे एक कारण झाले. पण तो पुरा करायला हाच माणूस आत का हवा, हे दुसरे कारण कायद्याने वेगळे मागितले आहे आणि नेमके तेच बहुतेक वेळा कोरे असते.

भारद्वाज यांच्या वकिलांनी दुसरा मार्ग धरला. अहवाल कसा आहे हे बाजूला ठेवून त्यांनी विचारले, ज्या न्यायाधीशांनी तो मंजूर केला त्यांना अधिकार होता का? 2008 च्या राष्ट्रीय तपास यंत्रणा कायद्याच्या अनुसूचीत यूएपीए आहे. अनुसूचीतल्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालये असतात, आणि कलम 22 नुसार राज्य सरकारही अशी न्यायालये नेमू शकते. जिथे असे न्यायालय नाही, तिथेच सत्र न्यायालयाने ते काम करायचे. पुण्यात विशेष न्यायालय होते. मुदतवाढ देणारे न्यायाधीश मात्र त्या पदावर नेमलेले नव्हते. ही गोष्ट उघड झाली ती माहिती अधिकारात मागवलेल्या कागदांवरून. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीश कोणत्या अधिकारात बसले आहेत हे आरोपी गृहीतच धरतो. कोर्ट हॉलच्या दारावरची पाटी किंवा आदेशाखालचा शिक्का पाहून कुणी नेमणुकीची अधिसूचना मागवत नाही. इथे ती मागवली गेली.

शासनाचे पहिले उत्तर असे होते की तपास त्या वेळी पुणे पोलिसांकडे होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, तो जानेवारी 2020 मध्ये घेतला. मग एनआयए कायद्याचे विशेष न्यायालय 2018 साली मध्ये येतेच कुठे? वरवर पाहता हे उत्तर बिनतोड वाटते. पण ऑक्टोबर 2020 मध्ये बिक्रमजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न सोडवला होता. पंजाबमधील त्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याने मुदतवाढ दिली होती आणि तपास राज्य पोलिसांचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा अनुसूचीतला असला की तपास केंद्राचा असो वा राज्याचा, विशेष न्यायालय अस्तित्वात असेल तर मुदतवाढ तेच देऊ शकते. आणि डिफॉल्ट जामीन ही संहितेने दिलेली सवलत नसून अनुच्छेद 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हेही त्याच निकालात स्पष्ट केले. न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने हाच धागा धरून पुण्याची मुदतवाढ अधिकाराबाहेरची ठरवली.

दुसरे उत्तर अधिक अवघड होते. अर्ज 26 नोव्हेंबरचा, पण नजरकैद वगळली तर नव्वद दिवस भरतात 25 जानेवारीला. म्हणजे अर्ज दोन महिने आधीच केलेला, अकाली. अकाली अर्ज फेटाळायला हवा. खंडपीठाने हे मानले नाही. 25 जानेवारीला मुदत संपली, तेव्हा आरोपपत्र नव्हते, कायदेशीर मुदतवाढ नव्हती आणि आरोपीचा अर्ज निकालाविना न्यायालयातच पडून होता. त्या दिवशी हक्क जन्माला आला आणि तो मागणारा कागदही समोर होता. केवळ तो लवकर लिहिला म्हणून निरर्थक ठरवणे म्हणजे स्वातंत्र्यापेक्षा औपचारिकतेला मोठे करणे, असा त्यामागचा विचार. नंतर आरोपपत्र आले म्हणून हा हक्क विझत नाही, कारण तो आधीच बजावला गेला होता.

उरलेल्या आठ जणांच्या बाबतीत गाडे अडले ते याच ‘बजावण्या’वर. डिफॉल्ट जामिनाचा हक्क न मागता मिळत नाही. 1994 च्या संजय दत्त प्रकरणापासून 2001 च्या उदय मोहनलाल आचार्य प्रकरणापर्यंत नियम असा घडत गेला आहे की मुदत संपल्यावर आणि आरोपपत्र येण्याआधी आरोपीने अर्ज करायला हवा आणि जामीन भरण्याची तयारी दाखवायला हवी. या दोन घटनांच्या मधल्या फटीत अर्ज झाला तर पुढे तो चुकीने फेटाळला तरी हक्क जिवंत राहतो. अर्ज झाला नाही आणि आरोपपत्र आले, की हक्क संपला. आठ जणांचा भर होता तो अधिकार नसलेल्या न्यायाधीशांनी आरोपपत्राची दखल घेतली यावर. खंडपीठ म्हणाले, दखल घेण्यातली चूक वेगळी, तिच्यातून डिफॉल्ट जामीन उगवत नाही. त्यांनी त्या फटीत हक्क बजावल्याचे दिसत नाही. वरवरा राव, व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांनी या निष्कर्षात वस्तुस्थितीची चूक झाली आहे असे सांगत पुनर्विलोकन मागितले. मे 2022 मध्ये तेही फेटाळले गेले.

इथे मला कायद्याबद्दल खरी तक्रार आहे. न्यायालयाला अधिकार नसणे हा राज्ययंत्रणेचा दोष. त्याची माहिती यंत्रणेकडे होती, आरोपीकडे नव्हती. आपली मुदतवाढ बेकायदा आहे हे ठाऊकच नसलेल्या, येरवड्याच्या बराकीत बसलेल्या माणसाने ठरावीक दिवसांच्या फटीत अर्ज केला नाही, याची किंमत त्याने का मोजावी? मुदत संपली की न्यायाधीशांनी आरोपीला त्याचा हक्क सांगावा, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा व्यक्त केली आहे. पण अपेक्षा पाळली नाही तर परिणाम काय, याचे उत्तर आरोपीच्या बाजूने मिळत नाही. हक्क मूलभूत म्हणायचा आणि तो एका दिवसाच्या उशिराने संपतोही म्हणायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदवणे मला तरी जमत नाही.

आणि म्हणूनच ‘तांत्रिक’ हा शब्द चुकीचा आहे. सगळ्या यूएपीए प्रक्रियेत पहिल्या सहा महिन्यांत आरोपीच्या बाजूने स्वतंत्र मनाने विचार होण्याची एकच सक्तीची जागा आहे, ती म्हणजे नव्वदाव्या दिवशीची ही मुदतवाढ. जामिनाच्या वेळी न्यायाधीशांचे हात 43-डी(5)ने बांधलेले असतात. मुदतवाढीच्या वेळी ते बांधलेले नसतात. तिथे न्यायाधीश विचारू शकतात की गेल्या नव्वद दिवसांत काय केले, आणि पुढच्या नव्वदांत याला आत ठेवून नेमके काय करणार. ही जागा ज्याच्या ताब्यात कायद्याने दिली, त्यानेच ती सांभाळायला हवी. 2022 मध्ये गुजरातच्या संघटित गुन्हेगारी कायद्याखालील जिगर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याला जोडून सांगितले की मुदतवाढीच्या अर्जावर विचार होताना आरोपीला न्यायालयात प्रत्यक्ष किंवा व्हिडिओद्वारे हजर ठेवलेच पाहिजे आणि अर्ज आला आहे हे त्याला सांगितलेच पाहिजे. ते केले नाही तर ती निव्वळ अनियमितता नाही, तर अनुच्छेद 21चा भंग आहे.

निकालाविरुद्ध एनआयए सर्वोच्च न्यायालयात गेली. 7 डिसेंबर 2021 ला ते अपील फेटाळले गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विशेष न्यायालयाने अटी ठरवल्या. त्यात 50,000 रुपयांचे बंधपत्र आणि परवानगीशिवाय मुंबईबाहेर न जाण्याची अट होती. 9 डिसेंबरला भारद्वाज भायखळा कारागृहातून बाहेर आल्या. जो हक्क उच्च न्यायालयाच्या हिशेबाने 25 जानेवारी 2019 ला मिळाला होता, तो हाती पडायला जवळजवळ तीन वर्षे लागली. दरम्यान याच प्रकरणातले 84 वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जुलै 2021 मध्ये कोठडीत असतानाच रुग्णालयात वारले. गोन्साल्विस आणि फरेरा यांना जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो गुणवत्तेवर. प्रथमदर्शनी खरे ठरवतानाही पुराव्याचे वजन वरवर का होईना तपासावेच लागते, असे सांगून. वटालीने घट्ट केलेली गाठ तिथे थोडी सैल झाली, पण तोवर त्यांची पाच वर्षे गेली होती.

अशा खटल्यात वकीलपत्र घेणाऱ्याला किंवा आरोपीच्या नातेवाइकांना या प्रकरणातून पहिल्या आठवड्यातच करण्यासारखे काही मिळते. पहिल्या रिमांडच्या आदेशाची प्रमाणित प्रत हातात घ्यावी, कारण दिवस तिथून मोजायचे असतात. कपिल वाधवान प्रकरणात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिला रिमांडचा दिवसही हिशेबात धरायचा असे ठरवले आहे. म्हणजे त्या दिवसाला एक म्हणून मोजायचे आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी कार्यालय उघडताच अर्ज द्यायचा, त्यात जामीनदार तयार असल्याचे लिहायचे आणि अर्जावर दाखल झाल्याची तारीख व वेळ मारून घ्यायची. त्याआधी मुदतवाढीचा आदेश झाला असेल तर त्याची प्रत, सरकारी वकिलाचा अहवाल, त्या दिवशीचा रोजनामा आणि ज्या न्यायाधीशांची सही आहे त्यांच्या नेमणुकीची अधिसूचना, हे चार कागद मागवायचे. रोजनाम्यात आरोपी हजर होता की नाही हे लिहिलेले असते. अधिसूचनेत न्यायाधीशांचा अधिकार कळतो. पुण्यातल्या आदेशाचे अपुरेपण याच चौथ्या कागदाने दाखवून दिले, आणि ते दिसायला 2018 सालचा तो आदेश तीन वर्षे फायलीत तसाच पडून होता.